टँकर मेमध्ये येतो, पाऊस जूनमध्ये: सोसायटीच्या सभेत मांडलेला गच्चीवरच्या पाण्याचा हिशोब

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीची खास सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच होता, रेनवॉटर हार्वेस्टिंग करायचं की नाही. एका ठेकेदाराने आधीच प्रत्येक दाराखालून पत्रक सरकवलं होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'वर्षाला सात लाख लिटर पाणी, तुमच्याच गच्चीवरून'. मी आयुष्यभर इमारतींच्या प्लंबिंगची कामं केली आहेत, म्हणून कमिटीने मला पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं. बोललो पाऊण तास. सात लाखांचा आकडा खोटा नव्हता, पण तो वाचून लोकांनी मनात जे चित्र रंगवलं होतं ते चुकीचं होतं. त्या सभेत जे सांगितलं आणि त्यानंतर आम्ही जे केलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. आपल्या इमारतीचे आकडे घालत गेलात तर एका रविवारी तुमचाही हिशोब होईल.

आधी गच्ची मोजा

टेप घेऊन गच्चीवर जा. आमची इमारत सात मजली, दर मजल्याला चार घरं, म्हणजे २८ बिऱ्हाडं. गच्ची २२ बाय १८ मीटर, ३९६ चौरस मीटर भरली. हिशोबाला ४०० धरली. आता एकच गोष्ट लक्षात ठेवायची: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. मुंबईत जून ते सप्टेंबर सरासरी २,२०० मिलिमीटर पडतो, कुलाब्याला थोडा कमी, सांताक्रूझला थोडा जास्त. म्हणजे आमच्या गच्चीवर ८ लाख ८० हजार लिटर. त्यातलं काही कोब्यात मुरतं, काही ऊन पडलं की उडून जातं, काही घाण म्हणून सोडून द्यावं लागतं. म्हणून ०.८ ने गुणायचं. उत्तर ७ लाखांच्या वर थोडंसं. ठेकेदार इथपर्यंत बरोबर होता.

आता दुसरी बाजू. २८ घरं, घरटी चार माणसं, ११२ माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण धरलं तर रोज १५,१२० लिटर लागतात आणि वर्षाला ५५ लाख. म्हणजे गच्चीवर पडलेला थेंब न् थेंब वाचवला तरी तो गरजेचा आठवा हिस्सा. जितके मजले जास्त तितका हा हिस्सा लहान होत जातो, कारण माणसं वाढतात आणि गच्ची तेवढीच राहते. बावीस मजली टॉवरच्या माथ्यावरचं पाणी रहिवाशांना पुरेल असं कुणी सांगत असेल तर त्याला हा भागाकार करून दाखवायला सांगा.

मग खरी अडचण: ठेवायचं कुठे

सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे मेमध्ये टँकर बंद होणार ना?" सगळ्यांच्या मनातला प्रश्न तोच होता. मी उत्तर न देता फळ्यावर टाकी काढली.

सात लाख लिटर साठवायचं म्हणजे ७०० घनमीटरची टाकी. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. आमचं अख्खं पार्किंग खणलं तरी ती मावत नाही. जी मावते ती दहा हजार लिटरची, एका टँकरएवढी. ही टाकी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस परतताना, काठोकाठ भरून ठेवली तरी आमच्या एकूण वापराला ती एक दिवससुद्धा पुरत नाही. मेपर्यंत तिच्यात काय उरणार?

पाऊस जेव्हा भरपूर असतो तेव्हा तलावही भरत असतात आणि पालिकेचा नळही बरा चालतो. टँकर लागतात मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि तेव्हा गच्ची कोरडी ठणठणीत. मुंबईत गच्चीवरचं पाणी टाकीत साठवून उन्हाळ्याचा टँकर बंद होत नाही. हे वाक्य मी कमिटीला इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं, कारण वर्गणी काढताना लोक टँकरचा खर्च वजा करूनच हिशोब मांडत होते.

पाणीपट्टीचं काय? तेही सांगतो. आमच्या बिलावर मलनिःसारण आकार धरून हजार लिटरला अकरा रुपयांच्या आसपास पडतात. टाकीच्या जोरावर पावसाळ्यात साधारण ७० दिवस फ्लशिंग भागलं तर साडेतीन लाख लिटर वाचतात. त्याचे झाले ३,८५० रुपये. वर्षाचे. २८ घरांत वाटले तर घरटी १३८. मागच्या रांगेतून कुणीतरी "वडापाव पार्टी" असं म्हणालं आणि सभा पाच मिनिटं थांबली.

मग मिळतं काय

दोन गोष्टी मिळतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक, पावसाळ्यात बरेच दिवस संडासात ओतलं जाणारं पाणी गच्चीवरून येऊ शकतं. दोन, जमीन घेईल तेवढं पाणी बोअरकडे मुरवता येतं आणि बोअर उन्हाळ्यात थोडी जास्त टिकू शकते. उन्हाळ्यातला टँकर कमी करायचा काही मार्ग असलाच तर तो या दुसऱ्या गोष्टीतून जातो, टाकीतून नाही.

फ्लशिंगचा हिशोब असा. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात असं धरतात. ११२ माणसांचे रोज ५,०४० लिटर. आमच्या गच्चीवर १६ मिलिमीटर पाऊस झाला की एका दिवसाचं फ्लशिंग निघतं. जुलैत सरासरी ९०० मिलिमीटर पडतो, म्हणजे २ लाख ८८ हजार लिटर येतात आणि फ्लशला लागतात १ लाख ५६ हजार. जूनचा पहिला पंधरवडा बहुधा कोरडाच जातो आणि सप्टेंबर लहरी. म्हणून मी १२२ दिवसांपैकी ७० धरले. हा माझा अंदाज आहे, जरा हात राखून केलेला. टाकी मोठी केली तर आकडा वाढतो, पण फार नाही. पाऊस दडी मारतो तेव्हा आठ-दहा दिवस मारतो, आणि तेवढ्यासाठी पन्नास हजार लिटरची टाकी बांधणं परवडत नाही. दोन-तीन दिवसांचं फ्लशिंग मावेल एवढी टाकी पुरे.

यालाही एक अट आहे. तुमच्या इमारतीत फ्लशिंगची वरची टाकी आणि तिचे पाइप पिण्याच्या पाण्यापासून वेगळे असले पाहिजेत. गच्चीवर जाऊन टाक्यांमधून उतरणारे पाइप बघा. एकाच टाकीतून सगळं उतरत असेल तर २८ घरांचे संडास नव्या पाइपने जोडावे लागतील आणि तो खर्च टाकीच्या कितीतरी पट असेल. अशा इमारतीने टाकीचा विचार सोडून थेट मुरवण्याकडे वळावं.

पावसाच्या टाकीत पालिकेचं पाणीही सोडायचं असेल, म्हणजे कोरड्या दिवसांत ती रिकामी राहू नये म्हणून, तर तो नळ टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर हवेतच संपला पाहिजे. पाण्यात बुडालेला नळ नको. पुरवठा बंद झाला की पाइपमध्ये ओढ तयार होते आणि टाकीतलं पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये जातं. मधे एक व्हॉल्व्ह टाकतो म्हणणारा प्लंबर भेटेल. व्हॉल्व्ह गळतात, हवेतलं अंतर गळत नाही.

पाइपांची परीक्षा, रंगपंचमीच्या रंगाने

ठेकेदाराला बोलवायच्या आधी हे काम करा. यात पैसे लागत नाहीत आणि निम्म्या योजना इथेच फसतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाऊस नसताना, तळमजल्यावर प्रत्येक पावसाळी पाइपाचं तोंड बघा. ते कोरडं, धुळीचं असायला हवं. आमच्या सहापैकी दोन पाइपांखाली जमीन ओली होती आणि त्यातल्या एकाखाली साबणाचा वाळलेला पांढरा थर होता. वाकून वास घेतला तर कपडे धुण्याची पावडर. कुणीतरी ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी पावसाळी पाइपात सोडलं होतं. दुसऱ्या पाइपात एसीचं पाणी ठिबकत होतं, ते तुलनेने निरुपद्रवी. साबणाचं पाणी मात्र टाकीत दोन दिवसांत सडतं, आणि बोअरजवळ मुरवलं तर जमिनीत गेलेलं परत काढता येत नाही. काही इमारतींत मोरीचं पाणीही याच पाइपांना जोडलेलं सापडतं.

मग वरून खाली. घरात रंगपंचमीचा उरलेला रंग असतो, तो बादलीभर पाण्यात कालवा आणि गच्चीवरच्या एकेका खुऱ्यात, म्हणजे पाइपाच्या वरच्या तोंडात, ओता. खाली एक माणूस चेंबरपाशी उभा ठेवा. रंग कुठे निघतो, किती वेळाने निघतो, निघतो की नाही हे लिहून घ्या. आमच्या एका खुऱ्याचा रंग कुठेच निघाला नाही. पाइप चौथ्या मजल्यावर भिंतीच्या आत फुटलेला होता, आणि तिथल्या घराची दरवर्षीची ओल वॉटरप्रूफिंगच्या माथी मारली जात होती. दुसऱ्या एका खुऱ्याचा रंग थेट मैल्याच्या चेंबरमध्ये निघाला. वॉशिंग मशीनची जोडणी तोडायचीच असं धरून सहापैकी चार पाइप कामाचे ठरले. म्हणजे हिशोबातली ४०० चौरस मीटर गच्ची, दुरुस्ती होईपर्यंत, जवळपास २७० वर आली. पत्रकातले सात लाख आपोआप पावणेपाच लाख झाले.

पहिलं पाणी सोडून देणं

मुंबईच्या गच्चीवर कबुतरं असतात हे मी वेगळं सांगायला नको. आठ महिन्यांची विष्ठा, धूळ, पानं, पतंगाचा मांजा, हे सगळं पहिल्या पावसात खाली येतं. जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस सरळ गटारात जाऊ द्या, त्याआधी गच्ची झाडून घ्या. त्यानंतरही दोन-चार दिवस उघडीप पडली की पुढच्या पावसाचा पहिला एक ते दोन मिलिमीटर वळवायला हवा.

इथे बाजारात एक गंमत चालते. 'फर्स्ट फ्लश' म्हणून चार इंची पाइपाचा दोन फुटांचा तुकडा आणि त्यात एक चेंडू, असं काहीतरी विकतात. चार इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये जेमतेम साडेआठ लिटर मावतात. ४०० चौरस मीटरवरचा एक मिलिमीटर म्हणजे ४०० लिटर. हे दोन फुटांचं नळकांडं त्यापैकी पाच लिटर अडवतं आणि उरलेली घाण टाकीत पाठवतं. आम्ही ५०० लिटरची साधी काळी टाकी लावली. पाणी आधी तिच्यात भरतं, ती भरली की फिल्टरकडे वळतं, आणि तिच्या तळाला एक बारीक नळी कायम उघडी असते, म्हणजे पाऊस थांबला की ती दिवसभरात आपणच रिकामी होते. वॉचमनने रात्री तीनला उठून कॉक फिरवायचा, ही व्यवस्था कागदावरच राहते.

फिल्टरबद्दल फार लिहीत नाही. खडी, बारीक खडी आणि वर जाडी रेती, एवढं पुरतं. बिघडला हे ओळखायची खूण एवढीच की मध्यम पावसातच फिल्टरच्या आधी पाणी तुंबून बाहेर सांडू लागतं. मग वरची दोन इंच रेती काढून धुवायची.

टाकीला झाकण घट्ट, आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी. मलेरियाचा डास मुंबईत अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि पालिकेचा कीटकनाशक विभाग उघडी टाकी दिसली की नोटीस देतो. आणखी एक गोष्ट खाडीजवळच्या सोसायट्यांसाठी: ओव्हरफ्लो पावसाळी गटाराला जोडताना तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप लावा. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला की गटार भरतं आणि त्यातलं पाणी उलटं टाकीत शिरतं.

"यामुळे आपल्या गल्लीत पाणी तुंबायचं थांबेल का?" हाही प्रश्न आला. तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात आमच्या गच्चीवरून ३२,००० लिटर उतरतात. दहा हजारांची रिकामी टाकी एकोणीस मिनिटांत भरते, मग गटारात तेच पाणी जसंच्या तसं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. गल्लीसाठी टाकी बांधू नका.

जमीन किती पिते ते बघा

आता बोअर. मुंबईच्या खाली बेसॉल्टचा काळा पाषाण आहे. दगड स्वतः पाणी धरत नाही, त्याच्या भेगा आणि वरचा मुरूम धरतो. त्यामुळे एका सोसायटीचा खड्डा धडाधड पाणी पितो आणि पलीकडच्या सोसायटीचा डबकं होऊन बसतो. आम्ही मुलुंडला पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला आहोत, खाली मुरूम लागतो. तिकडे पूर्वेला खाडीच्या अंगाला काळी चिकणमाती लागते आणि बोअरचं पाणी मचूळ येतं. भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर तर खड्डा खणायच्या आधीच विचार सोडून दिलेला बरा.

परीक्षा अशी. इमारतीच्या पायापासून आणि मैल्याच्या चेंबरपासून शक्य तितकं दूर, तीन मीटर तरी, एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा. संध्याकाळी पाण्याने भरा आणि रात्रभर सोडून द्या, म्हणजे कोरडी माती तृप्त होते. सकाळी पुन्हा भरा, काठीवर खूण करा आणि तासातासाने पातळी मोजा. आमचा खड्डा मेमध्ये तासाला १२ सेंटिमीटर उतरला, म्हणजे १२० लिटर, दिवसाला २,९०० च्या आतबाहेर. बरा वाटतो, पण २५ मिलिमीटरच्या एका पावसात गच्चीवरून ८,००० लिटर येतात हे आठवा.

आणि ही परीक्षा जुलैत पुन्हा करा. हे कुणी करत नाही. आमचा तोच खड्डा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तासाला ४ सेंटिमीटर उतरला, कारण भोवतालची जमीन आधीच भरलेली होती. सखल भागात तर तो खालून आपणच भरतो. तसं झालं तर तिथे पाणी मुरवायचा प्रश्नच उरत नाही, जमिनीत जागाच नाही. ठेकेदार मेमध्ये खड्डा दाखवतो आणि त्याच वेगाने चार महिन्यांचा गुणाकार करतो.

गच्चीचं पाणी थेट बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या नळीत, सोडायला मी सभेत नाही म्हटलं, अजूनही म्हणतो. जवळच्या खड्ड्यात मुरून जे जाईल ते मुरमातून गाळून जाईल. केसिंगमधून गेलेली घाण सरळ भेगांत जाते आणि शेजारच्या सोसायटीच्या बोअरमध्ये निघू शकते. भेगा आपली कंपाउंडची भिंत बघत नाहीत. याच कारणाने तुम्ही मुरवलेलं पाणी मेमध्ये तुमच्याच पंपाला मिळेल याची हमी नाही. काही मिळेल, काही उताराने खाडीकडे जाईल, काही शेजारी उपसतील.

मिळालं की नाही हे कळायला एक वही पुरते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रोज सकाळी बोअरचा पंप सुरू केल्यापासून पाणी संपून हवा ओढू लागायला किती मिनिटं लागतात ते वॉचमन लिहितो. गेल्या वर्षीची सरासरी २५ मिनिटं होती, या वर्षी ३१ आली. सहा मिनिटांचं श्रेय मी अजून खड्ड्याला दिलेलं नाही. एका वर्षाच्या आकड्यावर पाऊस कसा झाला त्याचाही हात असतो. तीन उन्हाळे तरी वही चालू ठेवायची असं ठरलं आहे.

सभेने काय ठरवलं

सभेपुढे मी रंगाची बादली आणि भागाकार ठेवला होता, त्यामुळे ठराव पत्रकापेक्षा लहान झाला. आधी पाइपांची दुरुस्ती, ती तशीही करायचीच होती. मग फ्लशिंगची दहा हजार लिटरची टाकी, आणि तिच्या ओव्हरफ्लोला एक मुरवण खड्डा, त्याच्यापुढे गटार. हे पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, आंघोळीला वापरायचं नाही, म्हणून त्या पंपाला आणि पाइपाला वेगळा रंग. देखभालीसाठी वर्षाला ठराविक रक्कम वेगळी ठेवायची. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना ही सोय सक्तीची झाली, पण ओसी मिळाल्यावर कुणी झाकण उघडून पाहिलेलं नाही अशा टाक्या मी डझनाने बघितल्या आहेत.

सात लाखांचा ठेकेदार सभेनंतर नव्या मापाने कोटेशन द्यायला तयार झाला. चहा चालू असताना पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ जवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वॉशिंग मशीनचा पाइप बदलायला तुमच्या ओळखीचा कुणी प्लंबर आहे का हो?"